होडी निघण्याआधीचा तक्ता: जातानाचा नव्हे, परततानाचा तास बघा

माझ्या मामाची होडी २८ फुटी आहे. फायबरची, मागे आऊटबोर्ड मशीन, मामा धरून तीन माणसं. देवगड तालुक्यातल्या एका छोट्या खाडीतून ती निघते आणि दहा-बारा किलोमीटरवर जाळी टाकून परत येते. माझं मासळीचं दुकान कोल्हापुरात. रोज रात्री आठच्या सुमाराला मी दुकानाचं शटर ओढतो, गल्ल्यावर बसून मोबाईलवर उद्याच्या वाऱ्याचा आणि लाटांचा अंदाज देणारा तक्ता बघतो आणि मामाला फोन लावतो. त्याच्या गावात रेंज येते-जाते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. गेली सहा वर्षं मी हे करतोय. ते करताना मी एकदा मोठी चूक केली. ती पुढे सांगतोच, पण आधी तक्त्यात काय असतं ते बघू.

छोट्या होडीसाठी हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था समुद्राचा अंदाज देते आणि हवामान खातं मच्छीमारांसाठी इशारे देतं. हवामान खात्याचा इशारा असेल किंवा बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला असेल, तर विषय तिथेच संपला. त्या दिवशी तक्ता उघडायचाच नाही. तक्ता वाचावा लागतो तो इशारा नसलेल्या दिवशी. वर्षातले बहुतेक दिवस असेच असतात, आणि छोट्या होड्या अडचणीत येतात त्यातल्या बऱ्याच अशाच साध्या दिवशी येतात.

तक्त्यात सगळ्यात ठळक आकडा लाटांच्या उंचीचा. समजा १.५ मीटर लिहिलंय. माणूस म्हणतो, दीड मीटर म्हणजे छातीएवढी लाट, चालेल. पण हा आकडा सगळ्यात मोठ्या लाटेचा नसतो आणि सरसकट सगळ्या लाटांची सरासरीही नसतो. ठरावीक वेळात आलेल्या लाटा उंचीप्रमाणे लावल्या, तर त्यातल्या वरच्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. अनुभवी माणूस समुद्राकडे बघून अंदाजाने जी उंची सांगतो, तिच्या जवळ जाणारा आकडा म्हणून ही पद्धत रूढ झाली. म्हणजे १.५ लिहिलं असेल तर कितीतरी लाटा त्याहून लहान असतील, पण काही मोठ्याही असतील. आणि तीन-चार तास पाण्यात राहिलात तर एखादी लाट त्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे तीन मीटरपर्यंतची भेटेल असं धरूनच चालायचं. तशी लाट आली तर अंदाज चुकला असं होत नाही. दीड मीटरच्या समुद्रात तीही असतेच.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच कोणी बघत नाही. उंचीच्या शेजारी सेकंद दिलेले असतात. त्याला पिरियड म्हणतात: एक लाट गेल्यावर दुसरी किती सेकंदांनी येते ते.

समुद्रावर एकाच वेळी दोन जातीच्या लाटा असतात. एक जात इथल्याच वाऱ्याने उठवलेली. ती आखूड, उभी, टोकाला पांढरी. तिचे सेकंद साधारण तीन ते सात. दुसरी जात म्हणजे स्वेल. ती हजारो किलोमीटर लांबच्या वादळात जन्मलेली असते, वाटेत तिच्यातला खडबडीतपणा गळून जातो आणि आपल्याकडे येते ती लांब, गुळगुळीत, संथ उचलणारी. तिचे सेकंद दहाच्या वर, कधी अठरापर्यंत जातात. आपल्या किनाऱ्यावर येणारी बरीचशी लांब स्वेल थेट खाली दक्षिण महासागरातून येते. १६ सेकंदांच्या लाटांचा ताफा खोल पाण्यात ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास वेगाने सरकतो, म्हणजे ७-८ हजार किलोमीटर कापायला त्याला आठवडाभर लागतो. म्हणून आपल्याकडे वाऱ्याची झुळूक नसतानाही समुद्र उचललेला दिसू शकतो.

कोल्हापूरकराला वाऱ्याची लाट समजून घ्यायची तर रंकाळा पुरेसा आहे. मे महिन्यातल्या दुपारी वारा सुटला की रंकाळ्यावर लाटा येतात, पण कितीही वारा असो, त्या वीतभराच्या वर सहसा जात नाहीत. वाऱ्याला पाण्यावरून धावायला अंतर हवं आणि वेळ हवा. रंकाळ्यात तो काठ सोडेपर्यंत दुसरा काठ येतो. अरबी समुद्रात वायव्येचा तोच वारा शेकडो किलोमीटर मोकळा धावतो, आणि चार तासांत होडीला पुरून उरेल एवढं पाणी उभं करतो.

आता उंची आणि सेकंद एकत्र का वाचायचे ते बघा. खोल पाण्यात लाटेची लांबी काढायचा साधा हिशोब आहे: सेकंदांचा वर्ग करा आणि त्याला १.५६ ने गुणा. ५ सेकंदांची लाट ३९ मीटर लांब भरते. १३ सेकंदांची २६० मीटरच्या वर जाते. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना गाडी जेवढी उंची सोडते, तेवढीच उंची सपाट रस्त्यावर शंभर किलोमीटरमध्ये सोडली तर गाडीतल्या कुणाला कळणारही नाही. लाटेचंही तसंच आहे. एक मीटरची लाट २६० मीटरमध्ये पसरली असेल तर होडी अलगद वर जाते आणि अलगद खाली येते, माणसं जाळी ओढत राहतात. तीच एक मीटर ३९ मीटरमध्ये आली तर होडीचं नाक एका लाटेतून बाहेर पडेपर्यंत दुसरी समोर उभी असते. कडेने पाणी आत येतं, आणि मशीन बंद पडून होडी आडवी झाली तर उलटायला वेळ लागत नाही. इन्कॉइसची छोट्या बोटींसाठी वेगळी सूचना सेवा आहे. तिच्यातही नुसती उंची धरत नाहीत. लाट किती उभी आहे, लाटा किती दिशांनी येताहेत आणि वारा किती झपाट्याने वाढतोय, हे सगळं धरून धोका काढतात.

बऱ्याच तक्त्यांत या दोन्ही लाटा वेगवेगळ्या दिलेल्या असतात आणि शेवटी एकूण उंची असते. तिथे लोक गोंधळतात, कारण बेरीज जुळत नाही. स्वेल ०.९ आणि वाऱ्याची लाट १.२ असेल तर एकूण २.१ दिसायला हवी, पण लिहिलेली असते १.५. कारण लाटांची उंची सरळ मिळवत नाहीत. दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढतात: ०.८१ आणि १.४४ मिळून २.२५, त्याचं वर्गमूळ १.५. याचा परिणाम काय होतो ते लक्षात घ्या. सकाळी एकूण उंची ०.९ होती आणि दुपारी १.५ झाली, तर वाटतं, अर्ध्या मीटरचाच फरक आहे. पण आत वाऱ्याची लाट ०.३ वरून १.२ झालेली असते, म्हणजे चौपट. होडीला त्रास देणारी जात तीच. म्हणून मी एकूण आकडा शेवटी बघतो.

वाऱ्याचा वेग नॉटमध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. त्याच्याबद्दल एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. १० नॉटला होडी सरळ येते, २० नॉटला समोरून वारा असेल तर छोटं मशीन रडायला लागतं. शिवाय तक्त्यातला वेग सरासरीचा असतो. झोताचा आकडा वेगळा दिलेला असतो आणि तो बऱ्याचदा दीडपटीच्या आसपास असतो. मामाने त्याच्या होडीसाठी मर्यादा ठरवली आहे: परतायच्या तासाला वारा १५ नॉटच्या वर किंवा वाऱ्याची लाट एक मीटरच्या वर असेल, तर जायचं नाही. ही त्याच्या होडीची, त्याच्या मशीनची आणि त्याच्या खाडीची मर्यादा आहे. दुसऱ्याची वेगळी असेल.

परतायचा तास म्हणतोय त्याला कारण आहे. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत आपल्या किनाऱ्यावर वाऱ्याचं रोजचं वेळापत्रक असतं. रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा, हलका. त्याने होडी आपोआप बाहेर ढकलली जाते आणि समुद्र आरशासारखा दिसतो. सकाळी उशिरा वारा पडतो, मग खारा वारा चालू होतो, वायव्येकडे वळतो आणि दुपारी दोन ते चारच्या सुमाराला सगळ्यात जोरात असतो. म्हणजे पहाटे किनाऱ्यावर उभं राहून समुद्र बघितला तर तो जवळजवळ रोजच चांगला दिसतो. त्या बघण्याने फक्त निघायचं की नाही ते कळतं, परत येता येईल का ते कळत नाही. ते तक्त्यातच बघावं लागतं.

आता तो दिवस. मार्च महिना, पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस, म्हणजे उधाणाच्या भरतीचे दिवस. मी मोबाईलवर बघितलेला तक्ता माझ्या वहीत अजून आहे. पहिल्या रकान्यातला तास तक्त्यात होता तसा आहे. दुसरा रकाना मी नंतर भरला, तो का ते पुढे येईल.

| तक्त्यातला तास | आपली वेळ | वारा (नॉट) | वाऱ्याची लाट | स्वेल | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| ०० | पहाटे ५:३० | ईशान्य ५ | ०.३ | ०.९, १३ सेकंद | ०.९ |
| ०३ | सकाळी ८:३० | ईशान्य ४ | ०.३ | ०.९, १३ सेकंद | ०.९ |
| ०६ | सकाळी ११:३० | वायव्य १० | ०.५ | ०.९, १३ सेकंद | १.० |
| ०९ | दुपारी २:३० | वायव्य १७, झोत २४ | १.२, ५ सेकंद | ०.९, १३ सेकंद | १.५ |
| १२ | संध्याकाळी ५:३० | वायव्य १३ | ०.९ | ०.९, १३ सेकंद | १.३ |
| १५ | रात्री ८:३० | वायव्य ६ | ०.५ | ०.९, १३ सेकंद | १.० |

मी पहिला रकाना आपली वेळ समजून वाचला. मामाला सांगितलं, "सकाळी नऊला सतरा नॉट आहे, बारापर्यंत उतरायला लागतो, तीनला समुद्र शांत." मामा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सकाळी नवाक एवढो वारो? कायतरी चुकता तुझा." मी तक्ता पुन्हा बघितला आणि म्हटलं, नाही मामा, स्पष्ट लिहिलंय. त्याने माझं ऐकलं. नऊचा वारा चुकवायचा म्हणून पहाटे न जाता दहाला निघाला, आणि तीनला परत यायचं ठरवलं.

तक्ता जागतिक वेळेत होता. बऱ्याच ठिकाणी तो तसाच असतो, कोपऱ्यात बारीक अक्षरांत UTC किंवा आकड्याशेजारी Z लिहिलेलं असतं. आपली वेळ त्याच्यापुढे साडेपाच तास आहे. म्हणजे ज्या वाऱ्याला मी सकाळचे नऊ म्हटलं तो दुपारी अडीचचा होता, आणि मामाला मी बरोबर त्याच्याच तोंडी पाठवलं होतं. ही चूक ओळखायची खूण मामाने मला फोनवरच दिली होती: मार्चमध्ये तक्त्यात सगळ्यात जास्त वारा सकाळी नऊला आणि दुपारी तो उतरलेला दिसत असेल, तर आधी घड्याळ तपासायचं. आता मी नवा तक्ता उघडला की पहिल्यांदा कालचे आकडे काढतो. काल दुपारी खरंच कधी वारा सुटला होता ते मामाला विचारतो आणि तक्त्यातला तास त्याच्याशी जुळतो का ते बघतो. दोन मिनिटं लागतात.

पण त्या दिवशी वाऱ्यापेक्षा खाडीच्या मुखाने जास्त घाबरवलं, आणि त्याचा हिशोब वेगळा आहे. खाडीच्या तोंडावर वाळूचा पट्टा असतो. त्यावर पाणी कमी. लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा पाय तळाला घासतो, ती उभी होते, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट उरली की ती फुटते. मामाच्या मुखावर दोरीला वजन बांधून मोजलेली खोली उधाणाच्या भरतीला २.८ मीटर आणि पूर्ण ओहोटीला ०.८ मीटर भरते. त्या दिवशी भरती दुपारी सव्वाबाराला होती आणि ओहोटी संध्याकाळी साडेसहाला. मामा सव्वातीनला मुखाशी आला, तेव्हा पाणी निम्मं उतरलेलं, खोली १.८ मीटर. समुद्रात १.५ मीटरच्या लाटा. त्यांना न फुटता आत यायला साधारण दोन मीटर पाणी हवं. म्हणजे एखादीच मोठी लाट फुटते असं नव्हतं, बऱ्यापैकी असलेली प्रत्येक लाट फुटत होती.

त्यात ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर पडत होतं आणि लाटा आत येत होत्या. समोरून पाणी आलं की लाटेचे पाय मागे ओढले जातात, ती आखूड होते आणि आणखी उभी राहते. भरती-ओहोटीच्या मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यात जोरात वाहतं, आणि सव्वातीनला नेमकं तेच चालू होतं. म्हणून मुखावर फेसाची एकच पांढरी रेघ, या काठापासून त्या काठापर्यंत. तीच लाट दोनशे मीटर बाहेर साधी वाटत होती.

मामा आत शिरला नाही. रेघेच्या बाहेर होडीचं नाक लाटेकडे धरून त्याने वीसेक मिनिटं लाटा मोजल्या. लाटा गटाने येतात, चार-पाच मोठ्या आल्या की मध्ये थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत कोणी कोणी आत घुसतं. पण वीस मिनिटांत रेघ एकदाही पूर्ण मोडली नाही, तेव्हा त्याने होडी फिरवली आणि देवगड बंदर गाठलं. तिथे आत शिरायला खोल, आडोशाचं पाणी आहे. वाटेत वायव्येचा वारा अंगावर घेत दीड तास गेला, एका खलाश्याने सगळा वेळ डबड्याने पाणी उपसलं. संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. "पोचलव," एवढंच म्हणाला.

तोच तक्ता नीट वाचला असता तर काय ठरलं असतं? परतायची खिडकी आधी काढायची. साडेअकराला एकूण उंची १.०, पाणी २.८ च्या जवळ, आणि भरती अजून आत येत असलेली, म्हणजे लाट आणि पाणी एकाच दिशेने. १.० च्या समुद्रातली दुप्पट लाटही तिथे जेमतेम का होईना, न फुटता निघते. त्यानंतर दर तासाला वारा वाढतो, आणि सव्वाबारानंतर पाणीही उतरायला लागतं. म्हणून दहा ते साडेअकरा ही परतायची वेळ. मग मागे मोजायचं. पहाटे पाचला निघता येत नाही, कारण सव्वासहाला ओहोटी आहे आणि पाचला मुखावर मीटरभर पाणी. स्वेल तिथे फुटते. मग निघायचं रात्री अडीचला, मुखावर दोन मीटर पाणी असताना. नाहीतर त्या दिवशी जायचं नाही. मामा म्हणतो की भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या मागेपुढे, हे सगळं उलटं होतं. भरती पहाटे पाच-सहाला आणि ओहोटी दुपारी बाराच्या आसपास येते, पण पाणी फार चढत-उतरत नाही, त्यामुळे मुखावर दिवसभर मधलीच खोली मिळते. प्रत्येक तिथीला परतायची खिडकी वेगळी असते, म्हणून मी आता तक्त्याच्या शेजारी भरतीची वेळ लिहिल्याशिवाय फोन लावत नाही.

मुखाच्या बाबतीत लांब सेकंदांची स्वेल फसवी असते. बाहेर ती सगळ्यात निरुपद्रवी, पण तिच्यात पाणी फार खोलवर हलत असतं, त्यामुळे उथळात आली की ती इतरांपेक्षा जास्त उंच होते. वारा नाही, एकूण उंची फक्त एक मीटर आणि सेकंद १७-१८ असा तक्ता दिसला, तर बाहेर जाळी टाकायला सुंदर दिवस असतो आणि मुखावर वाईट. इन्कॉइस उंच स्वेलचा इशारा देते तो अशाच दिवसांसाठी. निरभ्र आकाश बघून लोक तो मनावर घेत नाहीत.

हे सगळे आकडे संगणकावरच्या गणितातून येतात. त्या गणितात समुद्राचे मोठमोठे चौकोन असतात, काही किलोमीटर रुंदीचे. वाळूचा पट्टा त्यात मावत नाही, यंदा पावसाळ्यानंतर तो कुठे सरकला तेही त्याला माहीत नसतं. म्हणून मुखाची खोली स्वतःच मोजावी लागते, दर हंगामाच्या सुरुवातीला. दुसरं, उद्या-परवाचा अंदाज बराच भरवशाचा असतो, पाच दिवसांनंतरचा फक्त कल दाखवतो. मी आठवड्याचा तक्ता बघतो तो बर्फ किती मागवायचा ते ठरवण्यापुरता.

आणि एप्रिल-मेमधला वळीव तक्त्यात नीट येतच नाही. घाटमाथ्यावर दुपारी ढग चढतो, तासाभरात काळा होतो, कधी कधी संध्याकाळी कोकणाकडे उतरतो आणि त्याच्या पुढे थंड वाऱ्याचा एक लोट येतो, १० नॉटचे ३५ नॉट दहा मिनिटांत. तो जमिनीकडून येतो, म्हणजे होडीला समुद्रात ढकलणारा. समुद्रावर जाळी ओढताना तो ढग लवकर लक्षात येत नाही. मला मात्र दिसतो. त्या दोन महिन्यांत दुपारी तीननंतर मी दुकानाच्या गच्चीवर जातो आणि गगनबावड्याच्या बाजूला बघतो. ढगाचं डोकं पसरून ऐरणीसारखं सपाट झालेलं दिसलं की मामाला फोन लावतो. लागला नाही तर गावातल्या मामीला लावतो.